आईच्या फाइलवर ‘कम्प्लीट रिस्पॉन्स’ लिहिलंय, मग डॉक्टर ‘बरी झाली’ का म्हणत नाहीत?

पारिजातक

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. थोडं लांबेल.

आई ५९ वर्षांची, मिरजेला असते. गेल्या श्रावणात तिचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. आम्ही उपासामुळे गॅस झाला असेल म्हणून महिनाभर ओवा आणि हिंगावर काढला. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं आणि मग सगळं भराभर कळत गेलं. अंडाशयाचा कॅन्सर, स्टेज तीन सी, रक्तातला ट्यूमर मार्कर सीए-१२५ ११४०. आधी तीन केमो, मग मोठं ऑपरेशन, मग परत तीन केमो. औषधं कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर २१ दिवसांनी. शेवटची केमो फेब्रुवारीत झाली. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये काहीही दिसलं नाही, सीए-१२५ ११ वर आला. फाइलवर ‘कम्प्लीट रिस्पॉन्स’ लिहिलं आणि डॉक्टर म्हणाले, “आई रिमिशनमध्ये आहेत.”

काकांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले. मी डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे बरी झाली ना?” ते म्हणाले, “आत्ता आजार दिसत नाही. दर तीन महिन्यांनी भेटू.” मे महिन्यात पुन्हा विचारलं, तेच उत्तर. ऑगस्टमध्ये विचारलं, शब्दही तेच. मावशीचं म्हणणं, डॉक्टर काहीतरी लपवतायत. आईला मात्र आपण पूर्ण बरी झालो असंच वाटतंय आणि तिने दिवाळीनंतर नर्मदा परिक्रमेला जायचं ठरवलंय.

त्यात मे महिन्यात ९ असलेला सीए-१२५ आता १४ आलाय. ३५ पर्यंत नॉर्मल असतं हे माहीत आहे, तरी दोन रात्री झोप नाही. रिमिशन म्हणजे नक्की काय हातात पडलंय आमच्या?

घाटमाथा

ताई, पहिलं म्हणजे अभिनंदन. काळजी करू नका, हिशोब सोपा आहे. कॅन्सरमध्ये पाच वर्षं मोजायची. पाच वर्षं परत आला नाही तर क्युअर, तोवर रिमिशन. आमच्या मेहुण्यांचं जिभेचं ऑपरेशन झालं होतं, वर रेडिएशन. पाच वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आता वर्षातून एकदा तोंड दाखवून जा, बास. तुमचे सहा महिने झालेत, उरलेली वर्षं पण जातील.

चिंगीची आई

पारिजातक, तुमचा आजार वेगळा आणि माझ्या मुलीचा वेगळा, पण ‘रिमिशन’ या शब्दाने मलाही असंच फसवलं होतं म्हणून सांगते.

२०१९ मध्ये चिंगी चार वर्षांची होती. ब्लड कॅन्सर, एएलएल. केमो सुरू झाल्यावर तेहेतिसाव्या दिवशी बोन मॅरो तपासला आणि डॉक्टर हसत बाहेर आले, “रिमिशन आलं.” हे म्हणाले, “मग लातूरला कधी जाऊ?” डॉक्टर म्हणाले, “अजून दोन-अडीच वर्षांनी.” आम्हाला कळेचना. आजार गेला म्हणता आणि अडीच वर्षं औषध कशाला?

तिथल्या एका सिस्टरने समजावलं ते अजून लक्षात आहे. म्हणाल्या, मॅरोमध्ये शंभरात पाचपेक्षा कमी वाईट पेशी दिसल्या की त्याला रिमिशन म्हणतात. दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही. शेतातलं तण वरून काढलं तरी बी मातीत राहतं, ते उगवेल तसतसं काढावं लागतं. चिंगीच्या गोळ्या २०२२ मध्ये थांबल्या. ‘क्युअर’ हा शब्द आमच्या डॉक्टरांनी अजूनही वापरलेला नाही, पण आता ते तिच्या रिपोर्टपेक्षा गणिताच्या मार्कांबद्दल जास्त विचारतात. मी त्यातून काय ते समजते.

मिशीवाले

सरळ आहे हो. बरा झाला म्हटलं की पेशंट यायचा बंद. दर तीन महिन्यांनी स्कॅन, रक्त, फी. धंदा आहे.

चिंगीची आई

मिशीवाले, चिंगीची सगळी ट्रीटमेंट ट्रस्टच्या वॉर्डात झाली. तिथे आम्ही आलो नसतो तर त्यांचे पैसे वाचले असते.

केसपेपर

मी सोळा वर्षं मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे, काही सरकारी, काही खाजगी. नावाने लिहीत नाही आणि तुमच्या आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या उत्तराच्या जागी धरू नका.

चिंगीच्या सिस्टरनी जे सांगितलं ते मी दहा वर्षं ओपीडीत इतकं नीट सांगू शकलो नाही. तेच अंडाशयाच्या कॅन्सरला लावून बघू.

हा कॅन्सर पोटात मुख्यतः पसरतो तो पेरणीसारखा. आतड्यांवर, यकृताच्या वर, पडद्यासारख्या आवरणावर बारीक दाणे बसतात. सीटी स्कॅनला गाठ दिसायची तर ती साधारण अर्ध्या ते एक सेंटिमीटरची लागते, आणि आवरणावरचे त्याहून लहान दाणे सर्रास निसटतात. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळ हिशोबाने काही कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. म्हणजे स्कॅन स्वच्छ आणि पोटात काही लाख पेशी, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘आत्ता आजार दिसत नाही’ म्हटलं ते लपवणं नव्हतं. जेवढं माहीत आहे तेवढंच ते बोलले.

आणि हे नुसतं तर्काने सांगत नाही. पूर्वी, मी शिकत होतो त्याच्याही आधी, अशा बायकांचं केमो संपल्यावर स्कॅन आणि रक्त दोन्ही चांगलं असतानाही पुन्हा पोट उघडून बघायची पद्धत होती. ‘सेकंड लुक’ म्हणायचे. जिथे वरून काहीच दिसत नव्हतं त्यातल्या जवळपास निम्म्या बायकांच्या पोटात तेव्हा आजार सापडायचा. जिथे पोट उघडूनही काही सापडलं नाही, तुकडे मायक्रोस्कोपखाली घालूनही नाही, त्यातल्याही निम्म्यांच्या आसपास बायकांना तो पुढे परत आला. ती पद्धत पुढे बंद पडली, कारण उघडून बघितल्याने कुणाचं आयुष्य वाढत नव्हतं. पण रिमिशन या शब्दाच्या पोटात काय असू शकतं हे आम्हाला तिने दाखवलं.

स्टेज तीनच्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या उपचारांनंतर बहुतेकींना रिमिशन येतं. त्यातल्या सुमारे ७० टक्के बायकांना तो पुढे कधीतरी परत येतो. उरलेल्यांत काही जणी खरोखर कायमच्या बऱ्या होतात. आज तुमच्या आई कोणत्या गटात आहेत हे सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही, त्यांच्या डॉक्टरांकडेही नाही. म्हणून ते तीनदा तेच वाक्य बोलले.

पारिजातक

७० हा आकडा वाचून थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवला. तरी आभार. एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

घाटमाथा

डॉक्टरसाहेब, मग पाच वर्षांचं काय? सगळीकडे तेच तर वाचतो. आमचे मेहुणे बरे झालेत ना?

केसपेपर

तुमचे मेहुणे बरे झाले असं मीही म्हणेन. तोंडाचा कॅन्सर परत यायचा असला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो. पाच वर्षं गेली म्हणजे तो धोका बराचसा मागे पडला. तंबाखू-सुपारी सोडली नसेल तर मात्र तोंडात दुसरा, नवा कॅन्सर होऊ शकतो. तो जुना परत आला असं नव्हे, त्याचा हिशोब वेगळा. वर्षातून एकदा तोंड दाखवायला सांगितलंय ते त्यासाठीही.

चूक होते ती तोंडाचं माप सगळ्यांना लावण्यात. ‘पाच वर्षांचं सर्व्हायवल’ हा मुळात आकडेवारी ठेवणाऱ्यांच्या सोयीचा टप्पा आहे. पाच वर्षांनी किती जण जिवंत आहेत एवढंच तो सांगतो. त्यात आजार अंगावर घेऊन जगणारेही मोजलेले असतात.

काजळमाया

इथे मी बोलू शकते. ब्रेस्ट, हार्मोन पॉझिटिव्ह, २०१४, काखेतल्या दोन गाठीत पोचलेला. पाच वर्षं गोळी घेतली. २०१९ मध्ये पाच पूर्ण झाली तेव्हा मी घरच्यांना महाबळेश्वरला नेलं, केक कापला. परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, “गोळी अजून पाच वर्षं घेऊ.” मी रडले. मला वाटलं माझं काहीतरी बिघडलंय.

मग त्यांनी एक मोठा अभ्यास दाखवला, २०१७ चा. माझ्यासारख्या बायका, पाच वर्षं गोळी घेतलेल्या आणि तोवर आजार न आलेल्या. पुढच्या पंधरा वर्षांत, म्हणजे निदानापासून पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत, तो शरीरात दुसरीकडे उगवायचं प्रमाण सर्वात चांगल्या गटात १० टक्के होतं आणि ज्यांची मूळ गाठ मोठी आणि काखेत खूप गाठी होत्या त्यांच्यात ४१ टक्के. आणि ते दरवर्षी थोडं-थोडं, जवळपास सारख्या गतीने वाढत होतं. पाचव्या वर्षी कुठे पायरी उतरली असं काही दिसत नाही त्या आलेखात. माझ्या केकचा काही उपयोग नव्हता, पण केक चांगला होता.

आता अकरा वर्षं झाली. मॅडम मला ‘क्युअर्ड’ म्हणत नाहीत. मी विचारणं सोडलंय. फॉर्मवर ‘आजाराचा पुरावा नाही’ लिहितात, तेवढं मला चालतं.

केसपेपर

काजळमाया, तुमच्या मॅडमनी योग्य अभ्यास दाखवला. घाटमाथा, मोठ्यांच्या काही वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात उलट आहे, तिथे दोन वर्षं नीट गेली की मी स्वतः पेशंटला ‘क्युअर’ म्हणतो आणि ते म्हणताना जीभ अडखळत नाही. क्युअर म्हणायला किती थांबायचं हे त्या-त्या कॅन्सरच्या परत येण्याच्या सवयीवर असतं.

पश्चिमवारा

विषय थोडा वेगळा आहे पण शब्दांचाच आहे, म्हणून इथेच विचारतो. बाबा ७१, फुफ्फुसाचा कॅन्सर, ईजीएफआर जनुकातला बदल पॉझिटिव्ह, जेफिटिनिबची रोज एक गोळी. गेल्या शुक्रवारी स्कॅनचा रिपोर्ट आला. शेवटी लिहिलं होतं ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’. धाकट्या भावाने फॅमिली ग्रुपवर टाकलं, “बाबांची प्रगती आहे!” बावीस जणांनी हात जोडले, आत्याने देवीची ओटी बोलली. सोमवारी डॉक्टरांकडे गेलो तर म्हणे हे वाईट आहे, औषध आता चालत नाहीये.

मला कळत नाही ते वेगळंच. गोळी सुरू करण्याआधी मोजलेल्या गाठी मिळून ८० मिमी होत्या. आता ५९ आहेत. ८० चे ५९ म्हणजे कमीच झाल्या ना? मग वाढला कसा?

चिंगीची आई

आई गं. आत्याला सांगितलं का?

पश्चिमवारा

नाही अजून. ओटी भरून आली.

केसपेपर

‘प्रगती’ मी याआधीही ऐकलंय, तुमचे भाऊ पहिले नाहीत. एका काकांनी तर तोच रिपोर्ट लॅमिनेट करून आणला होता. आमच्या शास्त्रात प्रगती होते ती आजाराची, पेशंटची नाही. शब्द वाईट आहे आणि आम्ही तो मराठीत नीट सांगत नाही ही चूक आमची.

आता तुमचे आकडे. मधले स्कॅन असतील ना? ते पण सांगा.

पश्चिमवारा

८०, मग तीन महिन्यांनी ४८, मग ५४, आणि आता ५९.

केसपेपर

मग सरळ आहे. स्कॅन वाचताना बहुतेक ठिकाणी ‘रेसिस्ट’ नावाचे नियम वापरतात. काही ठरावीक गाठींचे व्यास मिमीमध्ये मोजून बेरीज करायची आणि ती बेरीज प्रत्येक स्कॅनला ताडून बघायची. गाठ कमी झाली का हे बघताना तुलना सुरुवातीच्या स्कॅनशी करतात. ८० चे ४८ झाले, म्हणजे ४० टक्के घट. ३० टक्के किंवा जास्त घट असली की त्याला ‘पार्शल रिस्पॉन्स’ म्हणतात. तेव्हा बाबांच्या रिपोर्टवर तेच लिहिलं असेल.

पण वाढली का हे बघताना तुलना सुरुवातीशी नाही करत. आतापर्यंतची जी सर्वात लहान बेरीज आली तिच्याशी करतात. बाबांची सर्वात लहान ४८. तिथून ५४ म्हणजे साडेबारा टक्के वाढ, ती नियमात बसत नाही, म्हणून त्या वेळी प्रोग्रेशन लिहिलं नाही. ५९ म्हणजे जवळपास २३ टक्के आणि ११ मिमी वाढ. किमान २० टक्के आणि किमान ५ मिमी, दोन्ही ओलांडलं की ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’. कुठे नवी गाठ उगवली तर बेरीज कितीही असो, तेही प्रोग्रेशनच.

असं का, तर आम्हाला त्या शब्दातून ही गोळी अजून आजार दाबून ठेवतेय का हे कळायला हवं असतं. ४८ पर्यंत ती दाबत होती, आता काही पेशींनी तिच्यातून वाट काढलीय. बाबा मरणाच्या दारात आहेत असा त्याचा अर्थ नाही. त्यांना दम लागतो का, वजन उतरतंय का?

पश्चिमवारा

नाही. सकाळी येऊरपर्यंत चालून येतात.

केसपेपर

मग डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, पुन्हा बायोप्सी किंवा रक्तातून तपासणी करून गाठीत नवा जनुकीय बदल झालाय का बघायचं का? एका ठरावीक बदलावर वेगळी गोळी आहे आणि ती बऱ्याच जणांना लागू पडते. दोन, वाढ सावकाश आहे आणि त्रास काही नाही, तर तपासणीचा निकाल येईपर्यंत हीच गोळी चालू ठेवायची का? असं आम्ही पुष्कळदा करतो. रिपोर्टवर प्रोग्रेशन आलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, ती अचानक थांबवली की काही जणांत आजार उसळतो.

आणि बाबांचा आजार चौथ्या स्टेजचा असेल तर एक गोष्ट तुम्ही त्यांच्या डॉक्टरांना थेट विचारावी असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून ‘क्युअर’ हा शब्द तिथे बोलला गेला होता का? बहुधा नसेल. तिथे आजार जास्तीत जास्त काळ दाबून ठेवणं हेच उद्दिष्ट असतं.

पश्चिमवारा

चौथीच आहे. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, “हा मधुमेहासारखा सांभाळायचा आजार आहे.” आम्ही त्यातलं ‘मधुमेहासारखा’ एवढंच ऐकलं.

केसपेपर

ती उपमा मी वापरत नाही. मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं तेच चालू शकतं, इथे औषध कधीतरी थकतं. पण बरेच सहकारी वापरतात, घरच्यांना त्या दिवशी धीर येतो म्हणून. मला त्यांचंही पूर्ण चूक वाटत नाही.

निळावंती

धागा वाचतेय. पारिजातक यांचा १४ चा प्रश्न राहिला की. माझ्या जाऊबाई यातून गेल्या. त्यांच्याकडे दर महिन्याला सीए-१२५ व्हायचा आणि थोडा वाढला की लगेच केमो. लवकर पकडलं तर लवकर आवरतो, हे तर साधं आहे ना?

केसपेपर

पारिजातक, ९ चा १४ म्हणजे सध्या काहीच नाही. वेगळ्या लॅबमध्ये, वेगळ्या मशीनवर एवढा फरक पडतो, म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या. मर्यादा ३५ ची. आम्ही दखल घेतो ती आकडा तिच्या दुप्पट, ७० च्या वर गेला आणि निदान आठवडाभराने पुन्हा केल्यावरही वर राहिला तर. १४, १९, २८ असा एकाच दिशेने चढत गेला तर लक्ष ठेवतात, पण त्यावर केमो देत नाहीत. शिवाय पोटाच्या आवरणाला कशानेही सूज आली तरी हा आकडा चढतो. आपल्याकडे पोटाच्या टीबीत तो शेकड्यांत गेलेला मी पाहिलाय आणि ती बाई कॅन्सरच्या भीतीने अर्धी झाली होती.

निळावंती, तुम्ही म्हणता ते पटण्यासारखंच आहे आणि आम्हालाही तसंच वाटायचं. म्हणून युरोपात त्याची चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. रिमिशनमधल्या पाचशेहून जास्त बायका, सीए-१२५ मर्यादेच्या दुपटीवर गेलेला. निम्म्यांना आकडा वाढताच केमो दिली. निम्म्यांना आकडा सांगितलाच नाही आणि पोटदुखी, पोट फुगणं अशी लक्षणं दिसल्यावर केमो दिली. पहिल्या गटाला केमो जवळजवळ पाच महिने आधी मिळाली. दोन्ही गट सारखेच जगले, निम्म्या बायका २६-२७ महिन्यांच्या पुढे. फरक पडला तो एवढाच की पहिल्या गटाचे बरे दिवस लवकर संपले, कारण केमो लवकर सुरू झाली.

निळावंती

हे पचायला जड आहे. जाऊबाईंची ती पाच-सहा महिन्यांची केमो मग उगाच?

केसपेपर

उगाच असं मी एका पेशंटबद्दल कधीच म्हणणार नाही. आणि ती चाचणी आता जुनी आहे. नवीन गोळ्या तेव्हा नव्हत्या, परत आलेल्या गाठीचं ऑपरेशनही फारसं होत नव्हतं. म्हणून माझे काही सहकारी म्हणतात, आकडा बघत राहा, वेळेत कळलं तर एखादीच गाठ असताना काढता येईल. मी स्वतः पेशंटला विचारतो, तुम्हाला हा आकडा हवा आहे का? कुणाला तो कळल्याशिवाय झोप येत नाही, कुणाला कळल्यावर येत नाही.

काजळमाया

मी दुसऱ्या गटातली. ट्यूमर मार्कर करत नाही, मॅडमनी पण सांगितलं नाही. त्याआधी एका लॅबच्या ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये तो फुकट होता. तो महिना मी कसा काढला माझं मला माहीत.

पारिजातक

केसपेपर, एक शेवटचं विचारते. परत आला तर? ‘रिकरन्स’ म्हणजे संपलं का?

केसपेपर

नाही. फक्त क्युअरची शक्यता तेव्हा फार उरत नाही, हे खरं सांगायला हवं. बाकी पुष्कळ काही तो कधी येतो यावर अवलंबून असतं. शेवटच्या कार्बोप्लॅटिननंतर सहा महिन्यांच्या आत आला तर त्या औषधाला तो दाद देत नाहीये असं धरतात. सहा महिन्यांनंतर आला, आणि जितका उशिरा तितकं चांगलं, तर तेच औषध पुन्हा चालतं आणि पुन्हा रिमिशन येऊ शकतं. सहाचा आकडा दगडावरची रेघ नाही, पाच महिने तीन आठवडे आणि सहा महिने यांत काही चमत्कार होत नाही. दुसरं रिमिशन सहसा पहिल्यापेक्षा छोटं असतं. तरी अशी दोन-तीन रिमिशन घेऊन आठ-नऊ वर्षं काढलेल्या बायका माझ्या ओपीडीत आहेत. सरसकट सगळ्या नाहीत.

आईंची शेवटची केमो फेब्रुवारीत झाली, आता ऑगस्ट सरला. सहा महिने झाले.

आता मी विचारतो. ब्राका, म्हणजे घराण्यातून येऊ शकणाऱ्या जनुकीय दोषाची तपासणी केली होती का? या कॅन्सरमध्ये ती प्रत्येकीची करायला हवी. आणि केमो संपल्यावर रोज घ्यायची गोळी सुरू केली होती का?

पारिजातक

जानेवारीत रक्त दिलं होतं. रिपोर्ट पुण्याच्या लॅबकडून आला का हे कुणी विचारलंच नाही, ना आम्ही, ना तिथे कुणी. पेढ्यांच्या नादात राहिलं. गोळी काही नाही.

केसपेपर

उद्याच विचारा. आईंमध्ये ब्राकाचा दोष निघाला तर ओलापॅरिब नावाची गोळी आहे. २०१८ मध्ये तिची चाचणी आली, तुमच्या आईंसारख्याच बायकांवर, म्हणजे पहिली केमो संपली आणि आजार पूर्ण किंवा अंशतः आटोक्यात आला अशा. दोन वर्षं गोळी. पाच वर्षांनी बघितलं तर गोळी घेतलेल्यांत ४८ टक्के बायकांचा आजार वाढलेला नव्हता, औषध नसलेल्या साध्या गोळीवाल्यांत २१ टक्के. सात वर्षांनी ६७ टक्के जिवंत होत्या, दुसऱ्या गटात साडेसेहेचाळीस टक्के. त्या ४८ मधल्या काही बायका क्युअर झाल्यात का, यावर आमच्या परिषदांमध्ये अजून वाद चालतो. मला वाटतं काही झाल्यात. पण वाटणं मी केसपेपरवर लिहीत नाही.

चाचणीत ती गोळी केमो संपल्यावर दोन महिन्यांच्या आत सुरू केली होती. तुमच्याकडे सहा झाले. आता सुरू करायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवावं लागेल, मी इथून सांगू शकत नाही.

पारिजातक

*(नऊ दिवसांनी)*

अपडेट. रिपोर्ट मार्चमध्येच आला होता, चुकीच्या ईमेलवर. ब्राका-वन पॉझिटिव्ह. डॉक्टर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, उशीर झालाय ते खरं, पण आजार दिसत नसताना सुरू करू. शुक्रवारपासून गोळी. दर महिन्याला रक्त, कारण हिमोग्लोबिन उतरतं म्हणे.

आईला सगळं सांगितलं. ७० चा आकडा पण. ती म्हणाली, “मग परिक्रमा दिवाळीनंतर कशाला, आत्ताच जाते.” डॉक्टर म्हणाले पहिले तीन महिने नको, उलट्या आणि अशक्तपणा कसा आहे ते कळू दे. त्यावरून दोघांचं चाललंय.

आणि तिने सीए-१२५ करायचा नाही म्हटलंय. मला करायचा आहे. यावर आमचं एकमत नाही.

काजळमाया

तिचं रक्त, तिचा आकडा.

चिंगीची आई

पारिजातक, ब्राका आईला निघाला म्हणजे तुम्हालाही तपासावं लागेल ना? तुम्हाला बहीण आहे का?

पारिजातक

आहे, धाकटी, एकतीसची. गेल्या महिन्यात तिचं लग्न ठरलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते कळत नाहीये, कुणी सांगितलं असेल तर लिहा.

पश्चिमवारा

बाबांच्या रक्ताच्या तपासणीत तो बदल निघाला. नवी गोळी सोमवारपासून. भाऊ ग्रुपवर काय टाकतोय यावर आता मी आधी नजर टाकतो. आत्याला कुणीच सांगितलं नाही, आता गरजही वाटत नाही.